माळवदाचं घर, किल्लारी आणि आपत्ती व्यवस्थापनाचे चार टप्पे

प्रश्न: सर, आम्ही औसा तालुक्यातले. आजोबांचं माळवदाचं घर १९९३ च्या भूकंपात उभं राहिलं, एका बाजूची भिंत तेवढी पडली होती, ती नंतर बांधून घेतली. मी आपत्ती व्यवस्थापनाचा कोर्स करतोय. त्यात सौम्यीकरण, पूर्वतयारी, प्रतिसाद आणि पुनर्प्राप्ती असे चार टप्पे गोल काढून दाखवलेत. हे चार टप्पे आमच्या घराला आणि गावाला प्रत्यक्षात कसे लागू होतात? वडील म्हणतात, या उन्हाळ्यात माळवद उतरवून त्याच भिंतींवर स्लॅब टाकू. ते बरोबर होईल का?

उत्तर:

आधी वडिलांना थांबवा. दगडमातीच्या भिंतीवर काँक्रीटचा स्लॅब टाकू नका. कारण पुढे सांगतो, पण काम ठरलं असेल आणि गवंड्याला बयाणा द्यायचा असेल, तर पुढचं वाचायच्या आधी एवढा निरोप घरी पोचवा.

भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणाचं जे काम निघालं, त्यात मी १९९५ पासून तीन वर्षं कनिष्ठ अभियंता म्हणून गावोगाव फिरलो. तुमच्यासारखी शेकडो घरं आतून-बाहेरून पाहिली. त्यामुळे तुमच्या पुस्तकातलं ते वर्तुळ मला नेहमी एका भिंतीच्या रूपात दिसतं. तसंच सांगतो.

वर्तुळात चारही टप्पे सारख्या आकाराचे काढतात. प्रत्येक आपत्तीत मात्र त्यांचं वजन वेगळं असतं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा ते येणार हे आधी कळलेलं होतं. कच्च्या घरांतली माणसं शाळांत हलवता आली, होड्या किनाऱ्याला ओढता आल्या. वादळात पूर्वतयारीचा टप्पा जीव वाचवतो. भूकंप असा निरोप देत नाही. आजही जगात कुणालाही त्याची तारीख-वेळ सांगता येत नाही. म्हणून भूकंपात कोण जगणार आणि कोण नाही, हे बहुतेक करून घर बांधलं तेव्हाच ठरून गेलेलं असतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसरात हादरा बसला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान धरतात. जगाच्या हिशेबात हा काही महाभूकंप नव्हे. केंद्र मात्र जमिनीत फार खोल नव्हतं, आणि वर दगडमातीची घरं होती. सुमारे आठ हजार माणसं गेली, बावन्न गावं भुईसपाट झाली.

आता त्या पहाटेचा प्रतिसाद पाहा. लष्कर आलं, स्वयंसेवक आले, डॉक्टर आले. त्यांनी जीव तोडून काम केलं, वरून पाऊसही कोसळत होता. पण काँक्रीटची इमारत पडते तेव्हा तुळया-स्लॅबच्या मध्ये पोकळ्या राहतात आणि त्यात माणूस तासन्‌तास श्वास घेऊ शकतो. माळवदाच्या घरात तशी पोकळी क्वचितच उरते. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंतींचे गोटे आणि छतावरची सगळी माती एकदम खाली येते. माती नाकातोंडात भरते. पहिल्या तासा-दोन तासांत ज्यांना शेजाऱ्यांनी हातांनी उकरून काढलं, ते जगले. बाहेरून येणारी मदत कितीही लवकर निघाली तरी त्या तासात पोचू शकत नाही. आज पुण्याजवळ एनडीआरएफची तुकडी आहे, तिला तुमच्या गावापर्यंत यायला सहा-सात तास लागतील. त्यांचं काम अडकलेल्या उरलेल्यांना सोडवण्याचं आहे. पहिला तास गावाचाच.

मग सौम्यीकरण, म्हणजे हानी कमी व्हावी म्हणून आधीच करून ठेवायचं काम, का झालं नव्हतं? त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. खरं तर १९९२ मध्ये किल्लारी परिसरात काही महिने लहान लहान हादरे बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. लोक घाबरले, मग हादरे विरळ झाले आणि सगळे आपापल्या कामाला लागले. यात लोकांची चूक काढण्यात अर्थ नाही. असे लहान हादरे बहुतेक वेळा नुसतेच येऊन जातात, आणि मोठ्याची नांदी असलेले कोणते हे मोठा येऊन गेल्यावरच कळतं. पण त्या काही महिन्यांत एक काम भाकिताशिवायही करता आलं असतं, ते म्हणजे छतावरची माती कमी करणं. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला झोन काढून टाकला आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये गेला.

आता भिंत. तुमच्या घराची भिंत बाहेरून एकसंध दिसत असली तरी ती प्रत्यक्षात दोन भिंती आहेत. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये गोटे, चिपा आणि मातीची भर. या दोन थरांना आरपार बांधणारा लांब दगड जुन्या गवंड्यांनी जागोजाग घातला असेल तर भिंत एकजीव राहते. पण तसे लांब दगड महाग पडायचे, म्हणून बहुतेक घरांत ते नाहीतच. त्यात वर्षानुवर्षं पन्हाळ तुंबून पाणी भिंतीत मुरतं, मधली माती खाली बसते आणि बाहेरचा थर फुगू लागतो. गावाकडे याला भिंतीला पोट सुटलं म्हणतात. हादरा बसला की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, एक बाहेर पडतो, एक आत. तुमची जी एक भिंत पडली ती अशीच पडली असणार.

आणि बाकीचं घर का राहिलं? माझा अंदाज सांगतो, तो तुम्ही तपासा. तुमच्या माळवदाचं ओझं भिंतीवर नसून लाकडी खांबांवर असावं. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि मग माती, अशी रचना असेल तर भिंत पडूनही छत उभं राहू शकतं. किल्लारी भागात अशी काही घरं मी पाहिली, सगळ्या बाजू उघड्या आणि मध्ये लाकडी सांगाडा जसाच्या तसा. मात्र पुष्कळ घरांत आतल्या बाजूला खांब असतात आणि तुळईचं दुसरं टोक सरळ भिंतीत खोचलेलं असतं. ती भिंत गेली की छतही गेलं. घरात फिरून प्रत्येक तुळईचं प्रत्येक टोक कशावर टेकलंय ते बघा आणि कागदावर मांडा. तुमच्या कोर्ससाठी याहून चांगला जोखीम-आराखडा नाही.

पुनर्प्राप्तीचा टप्पा इथे वर्तुळात जोडला जातो. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली. तिथे जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, रुंद रस्ते आखले. दुसऱ्या गटातली गावं आहे त्याच जागी पुन्हा बांधली. तिसरा गट सर्वांत मोठा, तेरा जिल्ह्यांतली जवळजवळ दोन लाख घरं, जी तडकली होती पण उभी होती. त्यांना हप्त्याहप्त्याने पैसे आणि सामान द्यायचं, घरमालकाने स्वतः घर दुरुस्त करून घट्ट करायचं आणि आम्ही अभियंत्यांनी दाखवायचं व तपासायचं, अशी योजना होती. गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या होत्या. कोणत्या घरात काम अडलंय, कुणाला हप्ता मिळाला नाही, गवंडी कुठे फसवतोय हे त्यांना आमच्याआधी कळायचं.

मी याला सौम्यीकरणाची खरी वेळ म्हणतो. भूकंपाआधी कुणी घरावर पैसा घालत नाही, आणि भूकंपानंतर चार-पाच वर्षांनी भीतीही ओसरते, पैसाही. मधल्या दोन-तीन वर्षांत जे होईल तेच पुढची तीस-चाळीस वर्षं टिकतं. त्या वेळात आम्ही काय कमावलं आणि काय गमावलं, तेही सांगायला हवं. लोकांनी दगडाचाच धसका घेतला होता. “साहेब, ज्या दगडानं लेकरू मारलं त्याच्याखाली परत निजू का?” असं एका माउलीने मला विचारलं, तेव्हा माझ्याकडे तांत्रिक उत्तर होतं, पण ते मला देता आलं नाही. परिणाम असा झाला की पुष्कळांनी बळकटीकरणाच्या पैशातून घराला लागून एक सिमेंटची खोली बांधली आणि जुनं घर तसंच ठेवलं. पुढे कुटुंबं वाढली, भीती विरली, आणि त्या जुन्या घरात माणसं पुन्हा झोपू लागली. तुमचं घर बहुधा याच गटातलं आहे. तुमच्या घराची पुनर्प्राप्ती अर्धी राहिली आहे, ती तुम्ही आता पूर्ण करायची आहे.

कामाची सुरुवात छतापासून करा, कारण सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक तिथे पडतो. दरवर्षी मृगाआधी गळू नये म्हणून माळवदावर पांढरी माती टाकतात, जुनी काढत मात्र नाहीत. आजोबांच्या काळात एक वीत असलेला थर दोन फुटांवर जातो. एका कोपऱ्यात लहान चौकोनी खड्डा घेऊन पाटापर्यंत खोली मोजा. समजा, तुमची खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि थर दोन फुटांचा निघाला. म्हणजे २४० घनफूट माती झाली, तिचं वजन साधारण साडेअकरा टन. थर आठ इंचांवर आणला तर ८० घनफूट उरते, म्हणजे चार टनांच्या आत. भूकंपात छत आडवं ओढलं जातं ते स्वतःच्या वजनाच्या प्रमाणात. वजन एक तृतीयांश झालं की खांबांवरचा झटकाही तितकाच घटतो. माती काढताना छतावर एका जागी ढीग लावू नका, नाहीतर ती कडी तिथेच मोडेल. पाट दिसेपर्यंत उकरा, कुजलेले पाट-कड्या बदला, वर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, मग आठ इंच माती परत घाला आणि पन्हाळीकडे उतार ठेवा. गळतीची काळजी कागद घेतो, त्यासाठी मातीचा डोंगर लागत नाही.

दुसरं काम लाकडाचं. जी तुळई भिंतीवर टेकलीय तिच्याखाली भिंतीला लागून नवा खांब द्या. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी तिरकं लाकूड ठोका, खांबाच्या वरच्या दोन-अडीच फुटांपासून तुळईपर्यंत. जुन्या सांधेजोडीत खांब नुसता तुळईखाली उभा असतो, आडवा झोका आला की पत्त्यांसारखा झुकतो. तिरक्या लाकडाने तो कोन घट्ट होतो. गावचा सुतार हे दोन दिवसांत करेल.

तिसरं काम भिंतीचं, आणि हे घाईचं नाही. आधी ओळंबा लावून बघा. भिंतीला पोट एखाद्या इंचाहून जास्त असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागेल, त्याला दुसरा उपाय नाही. जी भिंत सरळ आहे तिच्यात आरपार टाके घालायचे. आम्ही ते असं करायचो: भिंतीवर साधारण तीन-तीन फुटांवर खुणा करायच्या, वरच्या ओळीच्या खुणा खालच्या ओळीच्या दोन खुणांच्या मध्ये येतील अशा. खुणेच्या जागचा एक दगड काढायचा. घण मारायचा नाही. पहारीच्या टोकाने तो दगड सुटत आलेली दाढ हलवावी तसा दोन्ही बाजूंनी हलवत राहायचा, आजूबाजूचे दगड न हलता तो हातात येतो. मग आतली भर हाताने काढत पलीकडच्या दगडापर्यंत जायचं, तिकडचाही दगड काढायचा. भोक मध्ये अरुंद, दोन्ही तोंडांना रुंद राहतं. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. असा एक टाका म्हणजे जुन्या गवंड्याने न घातलेला लांब दगडच. एका वेळी एकाच भिंतीची सगळी भोकं पाडू नका, चार पाडा, चार भरा, मग पुढे जा. मी एकदा एका गवंड्याला दुपारच्या जेवणाआधी अकरा भोकं पाडताना पाहिलं. त्याला वाटलं काम लवकर उरकतंय. संध्याकाळी त्या भिंतीचा वरचा पाच फुटांचा पट्टा अंगणात होता. नशिबाने तेव्हा खाली कुणी नव्हतं.

शेवटचं काम पट्ट्याचं. दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घराच्या चारही भिंतींवर आत आणि बाहेर सुमारे नऊ इंच रुंदीची लोखंडी वेल्डेड जाळी खिळ्यांनी बसवून वर एकास तीन मालाचा जाड गिलावा द्यायचा. पट्टा म्हणजे पेटीभोवती बांधलेली दोरी, ती एका जागी तुटली की सगळी सुटली. लोक रस्त्याकडच्या तीन बाजू करतात आणि मागच्या गल्लीकडची सोडतात, कारण तिथे शेजाऱ्याची भिंत असते. मग पट्टा असून नसल्यासारखा. कोपऱ्यावर जाळीची टोकं एकमेकांवर किमान एक फूट यायला हवीत. कोपऱ्याजवळच्या देवळ्या आणि कोनाडे दगड-सिमेंटने भरून टाका, भिंतीला पहिली चीर तिथूनच जाते. टाक्यांच्या आणि पट्ट्यांच्या या पद्धती आयएस १३९३५ या भारतीय मानकात आहेत, ते मिळवून वाचा. फक्त बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेणं ही मात्र सर्वांत फसवी दुरुस्ती. त्याने पोट झाकलं जातं, आतलं पाणी आतच राहतं आणि भिंत अचानक दगा देते.

आता स्लॅबचं कारण कळेल. पाच इंचांच्या स्लॅबचं वजन आठ इंच मातीइतकंच भरतं, म्हणजे दोष नुसत्या वजनाचा नाही. स्लॅब टाकताना लाकडी खांब काढून टाकतात आणि सगळा भार त्या दुफळी भिंतीवर येतो, तोही बहुतेक आतल्या थरावर. हादऱ्यात स्लॅब एका पाटीसारखा सरकतो, भिंती बाहेर ढकलतो आणि सबंध तुकड्याने खाली येतो. माती शेजारी हातांनी उपसू शकतात, स्लॅब नाही. वडिलांना पक्कं छतच हवं असेल तर वेगळ्या पायावर, सिमेंटमध्ये विटांची, पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया घातलेली स्वतंत्र खोली बांधा.

पूर्वतयारी तुमच्या घरापुरती अगदी साधी आहे. माती उतरेपर्यंत म्हाताऱ्या माणसांची आणि लेकरांची अंथरुणं पोट सुटलेल्या भिंतीपासून हलवून दाराजवळच्या खणात आणा. गावासाठी एक वही करा: कोणत्या घरात किती माणसं आणि रात्री ती कोणत्या खोलीत निजतात. किल्लारीत पहिल्या तासांत शेजाऱ्यांनी जे जीव वाचवले ते याच माहितीवर, “ते चुलीजवळ निजतात” एवढ्या आठवणीवर. पहार, टिकाव, फावडं, घमेली देवळात किंवा पारावरच्या खोलीत एकत्र ठेवा, घरात ठेवलेली पहार घराबरोबरच गाडली जाते. जेसीबीवाल्याचा नंबर जरूर ठेवा, पण त्याला आधी गल्ली मोकळी करायला लावा. माणूस जिथे आहे असं वाटतं तिथे हात आणि घमेलंच. तोंड मोकळं झालं की आधी नाकातली-तोंडातली माती काढा. पाय किंवा मांडी बराच वेळ जड ओझ्याखाली दबलेली असेल तर शक्य तिथे सलाईन लावणारा येईपर्यंत ते ओझं उचलू नका, त्याच्याशी बोलत राहा, कारण दाब एकदम सुटला की स्नायूंतलं विष रक्तात जाऊन माणूस पुढच्या तासांत दगावू शकतो.

एक गोष्ट राहिली. छताचं काम झालं की पुढच्या वर्षी मृगाआधी कुणीतरी पुन्हा चार पाट्या माती वर टाकणारच, ती सवय पिढ्यांची आहे. आम्ही काम केलेल्या एका घरात आजीबाईंनी यावर स्वतःच उपाय काढला होता. माळवदाच्या काठावर पाटापासून आठ इंचांवर तांबड्या रंगाची रेघ मारून घेतली होती. रेघ झाकली की आधी खरवडायचं, मग नवी माती टाकायची. गेल्या वर्षी त्या घरी गेलो, आजी आता नाहीत. नातसुनेने शिडी लावून मला वर नेलं. रेघ दिसत होती, रंग ताजा होता.